हाताने ०.६६७, संगणकावर ०.६८७

प्रश्न : उज्जैनला राम घाटावर रांगोळीस्पर्धा झाली. आठ रांगोळ्या होत्या आणि दोन परीक्षक होते. गुणतक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत पाठवतो आहे. दोघांचं किती जुळलं हे बघायला मी स्पिअरमनचा क्रम सहसंबंध काढला. पुस्तकातल्या सूत्राने ०.६६७ आला, एक्सेलने ०.६८७. चूक कुणाची?

उत्तर : चूक कुणाचीच नाही. पण आधी फोटोबद्दल. पायरीवर कागद ठेवून तिरका काढलाय, त्यामुळे सहाव्या ओळीतला आकडा १० की १६ ते कळेना. तळाशी पहिल्या परीक्षकाची बेरीज ११४ लिहिली आहे, ती १० धरल्यावरच जमते. म्हणजे गुण असे:

पहिला : १८, १५, १२, १५, १६, १०, १५, १३
दुसरा : १४, १७, ११, १३, १७, १२, १६, ९

पहिल्याने तिघांना १५ दिले. त्यांच्या वाट्याला ३, ४, ५ हे क्रम येतात, म्हणून प्रत्येकाला सरासरीचा ४. दुसऱ्याच्या दोन १७ना १.५. एक्सेलमध्ये यासाठी `RANK.AVG` लागतं. नुसतं `RANK` तिघांनाही ३ देतं आणि क्रमांची बेरीज ३६ यायची ती ३३ येते. ही बेरीज क्रम लावतानाची चूक पकडते, आकडा चुकीचा वाचला तर मात्र मुकाट ३६च दाखवते. म्हणून वर गुणांची बेरीज तपासली.

क्रमांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज २५.५. पुस्तक तिच्यात समान क्रमांसाठी (m³ − m)/12 मिळवायला सांगतं: तिघांचे २, दोघांचे ०.५. झाले २८.

1 − 6 × 28 / (8³ − 8) = 0.667

आता एक्सेलचं `CORREL` हेच क्रम घेऊन काय करतं ते बघा. क्रम वेगवेगळे असते तर प्रत्येक परीक्षकाच्या क्रमांचा पसारा, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, ४२ आली असती. बरोबरीमुळे क्रम मध्याकडे सरकले आणि पसारा ४० व ४१.५ उरला. दोन्ही रीतींत अंश २८च निघतो (वरच्या २८शी हा निव्वळ योगायोग). पुस्तक त्याला ४२ने भागतं, एक्सेल ४० × ४१.५ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४०.७४ने. सगळा फरक या छेदात आहे.

पुस्तकाच्या उत्तरालाही अर्थ आहे. त्या बरोबऱ्या चिठ्ठ्या टाकून सोडवायच्या म्हटल्या तर १२ तऱ्हा होतात. त्या बाराही गुणांकांची सरासरी नेमकी ०.६६७ येते. पण दोन परीक्षकांनी अगदी एकसारखे गुण दिले, त्यातही बरोबऱ्या असल्या, तर पुस्तकी सूत्र १ गाठतच नाही. मला तिथे ते खटकतं.

परीक्षेत ०.६६७ लिहा. आयोजकांना ०.६८७ कळवा, सोबत रीत लिहा. आणि पुढच्या वेळी फोटो कागदाच्या बरोबर वरून काढा.