लसूण आणि बिनलसूण

मला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. सगळं काळंपांढरं दिसतं असं नाही. पिकलेला टोमॅटो आणि आकाश मला तुमच्यासारखेच दिसतात. पण विटकरी आणि शेवाळी हे दोन रंग शेजारी ठेवले की मी गप्प बसतो. रेल्वेच्या भरतीत शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली तयार केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांपुढे बसवलं, तेव्हा नोकरी गेली आणि कारण कळलं. आता लोणी काळभोरला दुकानांच्या पाट्या आणि पाकिटांची लेबलं करतो. रंग डोळ्यांनी नाही, आकड्यांनी ठरवतो. लोक हसतात, हसू देत.

गावातल्या एका महिला गटाची शेंगदाणा चटणी आहे. त्यांचं लेबल दुसरीकडे झालं होतं, माझ्याकडे आलं ते तक्रारीनंतर. चटणीचे दोन प्रकार होते, लसणाची आणि बिनलसणाची. पाऊच एकच, लेबलाचा आकार एकच, मांडणीही तीच. लसणाचं लेबल लाल, बिनलसणाचं हिरवं. गटाचं नाव वर सोनेरी अक्षरांत, आणि प्रकार कोणता ते खाली पांढऱ्या, दोन-अडीच मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत. चातुर्मासात एका जैन कुटुंबाकडे लसणाची पाकिटं पोचली. दुकानदार म्हणाला खोका चुकला, गटातल्या ताई म्हणाल्या दुकानदाराने मांडताना मिसळली. दोघंही खरं बोलत असणार. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली ती दोन पाकिटं मी हातात घेतली तेव्हा मलाही ती एकसारखीच दिसली.

ताईंना वाटलं, हे माझ्या डोळ्यांमुळे. म्हणून दोन्ही लेबलं शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात नेली आणि काळ्यापांढऱ्यात प्रत काढली. कागदावर दोन सारखे करडे चौकोन आले. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो, हे तर एकच आहे की!"

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रंगाला छटा असते, तसा उजळपणाही असतो, आणि अक्षर वाचताना डोळा मुख्यतः उजळपणातल्या फरकावर चालतो. हा फरक मोजता येतो. दोन रंगांचा उजळपणा सारखाच असेल तर आकडा १ येतो, पांढऱ्यावर काळं असेल तर २१. वेबसाइटसाठी जे जागतिक निकष आहेत ते साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ मागतात. छापील लेबलाला तो नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उत्तम आहे. रंगांचे कोड टाकले की आकडा देणारी साधनं फुकट मिळतात. गटाचा लाल होता `#C8102E` आणि हिरवा `#00843D`. या दोघांमधला फरक फक्त १.२ भरला. म्हणजे ज्याला छटा दिसत नाही त्याच्यासाठी ती दोन लेबलं जवळपास एकच. पांढरी अक्षरं मात्र लालवर ५.९ आणि हिरव्यावर ४.८ होती, म्हणजे रंग बरे होते. अक्षरंच बारीक होती.

आणि ती सोनेरी! पॅकिंगवाल्यांना सोनेरीचं वेड आहे, त्याला माझा इलाज नाही. दिवाळीच्या भेटीच्या डब्यावर याच गटाचं नाव सोनेरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होतं. `#D4AF37` या सोनेरीवर पांढरं टाकलं तर फरक जेमतेम २.१. त्याच पट्टीवर गडद तपकिरी अक्षर टाकलं की तो ७.२ वर जातो. पट्टी तीच, थाट तोच. फक्त अक्षराचा रंग बदलायचा. ताई म्हणाल्या, "पण दादा, लोगो असाच आहे." हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. त्या जागतिक निकषांतही लोगोला उजळपणाच्या अटीतून सूट आहे, आणि तिचाच गैरफायदा घेतला जातो. नियमातून सुटला एवढ्यानेच लोगो वाचता येतो असं नाही. माझ्याकडे लोगो आधी एका काळ्या रंगात होतो, पाकिटावर पंधरा मिलिमीटर रुंदीत बसवून बघितला जातो, आणि त्यात अनुस्वार भरून गेला किंवा जोडाक्षराचा अर्धा भाग पुसला गेला तर सोनेरीची चर्चाच होत नाही. देवनागरीत हे पटकन घडतं. रेघ बारीक, वर रफार, खाली उकार, आणि छपाईत शाई थोडी पसरतेच. रंगीत पार्श्वभूमीतून कोरून काढलेलं पांढरं अक्षर तर आणखी बारीक होतं, कारण शाई चारही बाजूंनी आत येते. म्हणून पांढरी अक्षरं थोडी जाड घ्यायची.

मग लेबल बदललं. रंग तेच ठेवले, कारण नेहमीची गिऱ्हाइकं "लाल द्या" म्हणत. पण रंगावर एकट्यावर काही सोपवलं नाही. लसणाचं लेबल लाल, त्यावर पांढरी अक्षरं. बिनलसणाचं लेबल पांढरट साय रंगाचं, त्यावर गडद हिरवी अक्षरं आणि हिरवी किनार. आता झेरॉक्स काढली तर एक काळसर येतं, एक उजळ. लसणाचं लेबल चौकोनी ठेवलं आणि बिनलसणाचं गोल कापलं, म्हणजे नजर अगदी अधू असलेल्यालाही बोटाने किनार चाचपून कळतं. प्रकाराचं नाव नऊ मिलिमीटर उंच केलं आणि गटाच्या नावाच्या वर आणलं.

चित्रावरून मात्र वाद झाला. गटातल्या एकीला बिनलसणाच्या पाकिटावर लसणाचा गड्डा आणि त्यावर तिरकी फुली हवी होती. ती फुली बारीक असते. मोतीबिंदू असलेल्याला ती दिसत नाही आणि लसूण मात्र दिसतो. म्हणजे चित्र नेमकं उलटं सांगतं. नको असलेल्या वस्तूचं चित्र पाकिटावर काढायचंच नाही. बिनलसणाच्या पाकिटावर आम्ही शेंगा काढल्या.

सरकारने हाच धडा घेतलेला तुमच्या घरातल्या पाकिटांवर दिसेल. शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी ठिपका, अशी खूण आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. आकार एकच, फरक रंगाचा, आणि तोही हिरवा व तपकिरी, माझ्यासारख्याला सगळ्यात अवघड जोडी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. आता रंग न बघताही ओळखता येतं. ही खूण किती मोठी असावी हे दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या भागावर हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान तीन मिलिमीटर लागतो. पण तो ठिपका हिरव्याच लेबलावर छापला तर नियमाचा काय उपयोग? गटाच्या जुन्या लेबलावर तो हिरव्यात हिरवा बुडाला होता. आता त्याच्याखाली पांढरा चौकोन आहे.

लोणीत राहणाऱ्याला याचं आणखी चांगलं उदाहरण रोज रस्त्यावर दिसतं. इथल्या डेपोंतून निघणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर लाल रंगाचा तिरका चौकोन असतो, त्यात ज्वाळेचं चित्र असतं, खालच्या टोकाला ३ हा वर्ग असतो आणि शेजारी १२०३ हा क्रमांक. रंग हुकला तर चित्र आहे, चित्र पुसलं तर आकडा आहे. चटणीच्या पाकिटाला एवढं नको; दोन वाटा पुरतात.

वयस्क डोळ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि झेरॉक्समध्ये ती सापडत नाही. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे पांढऱ्यावरचं फिकट पिवळं हरवतं आणि गडद निळं काळ्यासारखं दिसतं. मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, म्हणून चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडला की त्याखालचा मजकूर संपलाच. आम्ही मॅट घेतलं. तपासायचं असेल तर बटर पेपरचा तुकडा डोळ्यांसमोर धरून पाकीट हातभर अंतरावरून वाचा. खऱ्या मोतीबिंदूची ती नक्कल नाही, पण काय आधी बुडतं ते समजतं. रंगांधळेपणासाठी फोटोशॉपमध्ये `View > Proof Setup` खाली `Color Blindness` ची दोन दृश्यं मिळतात, दोन्ही बघावीत. कारण काहींना लाल रंगच काळपट दिसतो. त्यांच्यासाठी काळ्यावरचं लाल अक्षर नाहीसं होतं, आणि वर सांगितलेला उजळपणाचा आकडा ते पकडत नाही. एवढं करूनही गावातल्या तीन-चार आजी-आजोबांच्या हातात चष्म्याशिवाय पाकीट द्यावंच. ते जे वाचतील तेच खरं लेबल.

नंतर गटाने सोलापूर रस्त्यावर छोटं दुकान घेतलं आणि पाटीचा विषय निघाला. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: दर तीन मीटर अंतराला अक्षर पंचवीस मिलिमीटर उंच. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. वाचून गाडी बाजूला घ्यायला चार सेकंद धरले तर सदुसष्ट मीटरवरून वाचता आलं पाहिजे, म्हणजे अक्षर जवळपास पंचावन्न सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून खालची, फक्त अक्षराच्या अंगाची. वेलांटी आणि उकार धरले तर एका ओळीलाच नव्वदच्या आसपास जागा लागते. इतक्या जागेत एकच शब्द बसतो. म्हणून पाटीवर मोठ्यात फक्त "चटणी" आहे, आणि गटाचं नाव, फोन, वेळ हे सगळं दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको हा २०२२ चा कायदा आहेच. इथे दुसरी लिपी ठेवायला जागाच उरली नाही. त्यांना अक्षरांच्या मागून एलईडीचा झगमगाट हवा होता. रात्री मोतीबिंदूच्या डोळ्याला त्या उजेडाचं वलय अक्षराच्या कडा खाऊन टाकतं, म्हणून वरून पाटीवर पडणारा दिवा लावला.

एक गोष्ट मात्र अजून अडली आहे. तारीख आणि बॅच नंबर गटाचं यंत्र पाऊचच्या सीलवर, त्या खडबडीत नक्षीवरच ठोकतं, आणि ती तारीख चष्मा लावूनही लागत नाही. नव्या लेबलावर त्यासाठी मी पांढरी, सपाट, बिनलॅमिनेशनची पट्टी सोडली आहे. सध्या ताई त्यावर हाताने काळ्या स्केचपेनने लिहितात. यंत्र बदलायला पैसे जमेपर्यंत तेच चालेल, आणि खरं सांगायचं तर त्यांचं अक्षर यंत्रापेक्षा चांगलं वाचता येतं.