लाईक मोजू नका, नोंदणी मोजा : स्वतः छापलेली कादंबरी बाजारात आणताना



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "सर, पुस्तक स्वतः छापायचं आहे. किती प्रती काढू?" व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. प्रती किती काढायच्या हे छापखानेवाल्याला विचारायचं नसतं, मनालाही विचारायचं नसतं. ते आगाऊ नोंदणी सांगते. टीझर, मुखपृष्ठ आणि प्री-ऑर्डर या तीन पायऱ्या जाहिरातीच्या वाटतात, पण खरं तर त्या मोजणीच्या पायऱ्या आहेत.

ही पद्धत काही इन्स्टाग्राममुळे आलेली नाही. मराठीत "प्रकाशनपूर्व सवलत" हा शब्द आपण लहानपणापासून वर्तमानपत्रात वाचत आलोय. ग्रंथाली या वाचक चळवळीने तर वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि त्यांच्या जोरावर पुस्तकं काढली. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली ग्रंथालीनेच प्रकाशित केलं. आधी वाचक, मग छपाई. आपण तेच मोबाईलवर करतो.

लातूरच्या मॅडमचा हिशोब

2025 च्या जुलैमध्ये लातूरहून एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. नाव सांगत नाही, पण आकडे सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे. किल्लारीच्या भूकंपावर त्यांची कादंबरी तयार होती, 224 पानांची. छापखान्याकडून तीन भाव आणले होते : 300 प्रतींचे 30,000 रुपये, 500 चे 40,000 आणि 1000 चे 62,000. म्हणजे एक प्रत अनुक्रमे 100, 80 आणि 62 रुपयांना पडते. मॅडम म्हणाल्या, "सर, हजारच काढते. स्वस्त पडतंय ना!" पैसे कुठून आणणार विचारलं, तर मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेल्या एफडीतून.

मी म्हटलं, मॅडम, आधी वहीवर मांडू. टायपिंग आणि मांडणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून 18,500 रुपये कितीही प्रती काढल्या तरी लागणारच. पुस्तकाची किंमत 300 आणि प्रकाशनपूर्व किंमत घरपोच 220 ठरवली. त्यातून टपाल आणि पाकीट यांचे साधारण 35 गेले की हातात 185 राहतात. आता भागाकार करा. 300 प्रती काढल्या तर खर्च 48,500, तो 263 प्रती विकल्या की निघतो. 1000 काढल्या तर खर्च 80,500, तो निघायला 436 प्रती विकाव्या लागतात. एक प्रत स्वस्त पडली, पण घराबाहेर काढायच्या प्रती वाढल्या. दिवाणखान्यात गठ्ठे लावून ठेवलेली पुस्तकं तुम्ही पण पाहिली असतील. ती सगळी "स्वस्त पडलेली" असतात.

टपालाचं एक सांगतो, कारण इथे 220 चा भाव चुकतो. पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी सुरू झाली. तिचा पहिला टप्पा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर असा आहे. 224 पानांचं डेमी आकाराचं पुस्तक 70 जीएसएमच्या कागदावर अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. जाड खोक्यात घातलं की 300 ओलांडतं आणि पुढचा दर लागतो. म्हणून किंमत जाहीर करण्याआधी तेवढ्याच पानांचं एखादं पुस्तक पाकिटासकट काट्यावर ठेवून बघा.

टीझर : ओळ निवडायची कशी

मॅडमनी आधी निवडलेली ओळ अशी होती : "आयुष्य म्हणजे एक न संपणारा प्रवास आहे." ही ओळ कोणत्याही पुस्तकात चालते, म्हणून ती तुमच्या पुस्तकाची नाही. लोक हिला गुड मॉर्निंगचा मेसेज समजून पुढे ढकलतात. मग आम्ही हस्तलिखित चाळलं आणि ही ओळ सापडली : "त्या पहाटे घर पडलं, पण आजीच्या कमरेची किल्ली तशीच होती." ती टाकल्यावर पहिला रिप्लाय आला, "कशाची किल्ली?" टीझरचं काम एवढंच. वाचणाऱ्याने प्रश्न विचारला पाहिजे आणि उत्तर पुस्तकातच असलं पाहिजे.

4 ऑगस्टपासून आठवड्याला एक अशा पाच ओळी टाकल्या. प्रत्येक चित्रावरच कादंबरीचं नाव, लेखिकेचं नाव आणि "पुस्तक आल्यावर कळवायला हवं असेल तर या नंबरवर 'कळवा' असं पाठवा" एवढं लिहिलं. चित्राखाली लिहिलेला मजकूर फॉरवर्ड होताना गळू शकतो, चित्रावरचा गळत नाही.

'कळवा' पाठवणाऱ्याला लगेच सांगायचं, माझा नंबर सेव्ह करा. याचं कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि तुम्ही इकडे समजता की लोकांना रस नाही.

महिनाभरात फेसबुक आणि इन्स्टा मिळून दोन हजारांवर लाईक आले. 'कळवा' म्हणणारे मात्र 211. मॅडम जरा नाराज झाल्या. मी म्हटलं, आपली यादी ही 211 चीच आहे. लाईकला पत्ता नसतो.

मुखपृष्ठ कधी दाखवायचं

मुखपृष्ठ पाहून लोकांना जो उत्साह येतो तो दोन-तीन दिवस टिकतो. त्या दिवसांत पैसे भरायची सोय नसेल तर तो वाया जातो. म्हणून पानं पक्की, किंमत पक्की, छापखान्याची तारीख पक्की आणि क्यूआर कोड तपासलेला, हे चारही झाल्याशिवाय मुखपृष्ठ बाहेर काढायचं नाही. आयएसबीएन हवा असेल तर isbn.gov.in वर अर्ज त्याच्याही बराच आधी करा. तो मोफत मिळतो, पण वेळ लागतो, आणि मागच्या बाजूचा बारकोड त्याच्यावरच अवलंबून असतो.

इथे आमची एक चूक झाली. डीटीपीवाल्याने मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केला होता. छापायला तो उत्तम, पण मागच्या पानावरचा मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायला लागली. पोस्टसाठी तो पुन्हा टाईप करावा लागला आणि त्या घाईत 'किल्लारी'चं 'किलारी' झालं. किल्लारीच्याच एका वाचकाने ते दाखवून दिलं. तेव्हा पोस्टचा मजकूर आधीच युनिकोडमध्ये वेगळा करून ठेवा आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

आणखी एक तपासणी. मुखपृष्ठाचं चित्र मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. नाव वाचता येत नसेल तर अक्षर बदला. नक्षीदार देवनागरी अक्षरात मात्रा आणि वेलांट्या लहान आकारात एकमेकांत मिसळून जातात.

गणपती आटोपल्यावर 8 सप्टेंबरला संध्याकाळी मुखपृष्ठ दाखवलं. आधी 211 जणांच्या यादीला, तासाभराने सगळ्यांना. ज्यांनी नंबर दिला त्यांना पहिला मान.

प्री-ऑर्डर : पोस्टमध्ये काय हवं

10 ते 22 सप्टेंबर नोंदणी ठेवली. पोस्टमध्ये पाच गोष्टी होत्या : मूळ किंमत आणि सवलतीची किंमत, शेवटची तारीख, पुस्तक हातात पडण्याची तारीख, पैसे भरायचा क्यूआर, आणि "पुस्तक 15 नोव्हेंबरपर्यंत मिळालं नाही तर पूर्ण पैसे परत". या शेवटच्या ओळीने अनोळखी लोकांचा विश्वास बसला. छापखान्याने 13 ऑक्टोबर सांगितली होती, आम्ही लोकांना 25 ऑक्टोबर सांगितली. मधले दिवस आपले.

पैसे आले की वहीत नाव, पिनकोडसह पत्ता, प्रती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहायचा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. रोज रात्री बँकेच्या खात्याशी ताळा करा, तिथे रक्कम दिसली तरच नोंद पक्की. आणि हे पैसे घरखर्चात मिसळू नका. पुस्तक पाठवेपर्यंत ते वाचकाचे असतात.

जिथे थांबायचं असतं

मॅडमची पहिली कल्पना अशी होती की नोंदणी 30 सप्टेंबरलाच सुरू करायची, कारण 1993 साली त्याच पहाटे भूकंप झाला. त्या दिवशी सगळीकडे आठवणी निघतात, पोस्ट खूप फिरेल हे खरं. पण ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासाठी ते वर्षश्राद्ध आहे. तिथे "सवलत फक्त आज" असं लिहायचं? मॅडम स्वतःच थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "नको सर." त्या दिवशी त्यांनी चार ओळींची श्रद्धांजली लिहिली. किंमत नाही, क्यूआर नाही, मुखपृष्ठही नाही.

दुसरं थांबणं आमच्या हातात नव्हतं. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतं पाण्याखाली गेली. "शेवटचे दोन दिवस" अशा पोस्ट तयार होत्या, त्या टाकल्याच नाहीत. थोड्या नोंदी कमी झाल्या असतील. पण पुढचं पुस्तक याच लोकांना विकायचं आहे.

शेवटी काय झालं

127 प्रतींचे पैसे जमा झाले, म्हणजे 211 पैकी सगळेही आले नाहीत. 127 वर हजार प्रती काढणं म्हणजे जुगार, म्हणून 300 च काढल्या. प्रकाशनाच्या कार्यक्रमात 250 रुपयांनी 58 गेल्या. पुस्तकांच्या दुकानांतून 35 टक्के कमिशनवर 40 गेल्या, आणि ओळखीपाळखीत पूर्ण किमतीला 46. परीक्षणासाठी आणि वाचनालयांना 14 दिल्या, 15 घरात आहेत. टपाल वजा जाता एकूण 59,595 रुपये आले, खर्च 48,500. हातात 11,095 राहिले. तीन वर्षांच्या लिखाणाचा हा मोबदला नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण एफडी मोडली नाही, आणि पत्त्यांसकट वाचकांची वही तयार झाली.

हजार काढल्या असत्या आणि एवढ्याच विकल्या असत्या, तर 20,905 रुपयांचा खड्डा आणि घरात सातशेवर पुस्तकं असती.

तुमचं पुस्तक तयार असेल तर आज एकच काम करा. छापखान्याकडून 300, 500 आणि 1000 प्रतींचे भाव लेखी आणा आणि वरचा भागाकार स्वतःच्या आकड्यांवर करून बघा. अडलं तर कमेंटमध्ये आकडे टाका, बसून मांडू.