आमचा खोटा पेशंट

सांगलीत आमची लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. बायको पॅथॉलॉजिस्ट, तपासण्या ती बघते. काउंटर, फोन आणि हिशेब माझ्याकडे. मध्यंतरी दोघातिघांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्याकडे फोन उचलत नाहीत, आणि उचललाच तर खेकसतात." मी मामेभावाला म्हटलं, पेशंट म्हणून फोन कर आणि कसं बोलतात ते मला सांग.

त्याने सोमवारी सकाळी सव्वाआठला फोन लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा काउंटरवरची मुलगी "थांबा जरा" म्हणाली आणि तिने रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला. भावाने हौसेने दुसऱ्या दिवशी साडेसातला घरून सँपल न्यायचंही ठरवून टाकलं, आणि रद्द करायला विसरला. आमचा टेक्निशियन त्याने दिलेला खोटा पत्ता शोधत गल्लीबोळ फिरला. पुढचं घर इन्सुलिनवर असलेल्या एका आजींचं होतं. रात्रीपासून उपाशी बसलेल्या आजींना तो पोचेपर्यंत घाम फुटला होता. सुनेने घाबरून साखरेचं पाणी पाजलं, म्हणजे उपाशीपोटीची तपासणीही गेली.

एवढं होऊन मी शहाणा झालो नाही. त्या मुलीला सगळ्यांसमोर झापलं. आठवड्याभरात तिने काम सोडलं. नवीन माणूस मिळेपर्यंत तिच्या खुर्चीत मी बसलो, तेव्हा दिसलं की सव्वाआठला समोर दहाबारा उपाशी माणसं असतात आणि पावती, नळ्यांवरची लेबलं, फोन असं सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. लेबल लावताना फोन घेतला तर एकाची नळी दुसऱ्याच्या नावावर जायची. ती फोन वाजू देत होती ते बरोबरच होतं.

पुढच्या वेळी आधी सगळ्या स्टाफला सांगितलं: येत्या तीन महिन्यांत कधीतरी खोटे पेशंट येतील, तारीख सांगणार नाही, बोलणं रेकॉर्ड होणार नाही आणि कुणाचं नाव कागदावर येणार नाही. (सांगितल्यावर सगळे नीट वागतील ही भीती पहिल्या आठवड्यापुरतीच खरी. गर्दीत माणूस सवयीवर येतो.) मग स्टाफच्या ओळखीतले नसलेले चार जण घेतले आणि चौघांना एकच गोष्ट दिली: "वडिलांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायचीय. पाणी चालेल का? सकाळची गोळी द्यायची का? किती पैसे होतील?" उत्तरं आधी लिहून ठेवली होती. किमान आठ तास उपाशी, साधं पाणी चालतं, दुसरं सँपल जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. गोळीचं मात्र काउंटरने स्वतःहून सांगायचं नाही. "तुमच्या डॉक्टरांना विचारा" हेच बरोबर उत्तर. बुकिंग करायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, गर्दी असेल तर रांग अडवायची नाही, हे चौघांना बजावलं.

फोन तीन वेळी केले: सकाळची गर्दी, दुपारी जेवायची वेळ, बंद होण्याआधीचा अर्धा तास. शेरा 'नम्र' किंवा 'उद्धट' असा लिहायचा नाही, कारण त्यातून काहीच हाती लागत नाही. किती रिंग झाल्या, पहिलं वाक्य काय होतं, गोळीबद्दल नेमके शब्द कोणते, एवढंच लिहायचं, तेही फोन ठेवल्यावर किंवा लॅबमधून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत. भावाने मला संध्याकाळी आठवून सांगितलं होतं. 'थांबा जरा' हे त्या मुलीचे नेमके शब्द होते की नाही, कोण जाणे.

सर्वांत बोचलं ते प्रत्यक्ष आलेल्यांचं. दोघी एकाच दुपारी, वीस मिनिटांच्या अंतराने गेल्या. काउंटर रिकामं होतं. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स असलेल्या बाईंना "बसा ना मॅडम" आणि सगळी माहिती मिळाली. नऊवारीतल्या, कवठेमहांकाळकडच्या बोलीत बोलणाऱ्या मावशींना "डॉक्टरांची चिठ्ठी कुठाय?" हे उभ्यानेच विचारलं गेलं. पैसे दोघींना सारखेच सांगितले. गोळीचा प्रश्न मावशींच्या वेळी कुणी पुरता ऐकूनही घेतला नाही. एका जोडीवरून निकाल द्यायचा नाही म्हणून पुढच्या पंधरवड्यात आणखी दोनदा बघितलं, दुसऱ्या माणसांकडून. तसंच झालं. त्यातल्या एका वेळी काउंटरवर मी होतो.

फोनसाठी सकाळी साडेसात ते दहा वेगळा माणूस बसवला, तेव्हा तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलला जाऊ लागला. मावशींची गोष्ट तितकी सोपी नव्हती. स्टाफबरोबर बसून कागद नावांशिवाय वाचले, माझा कागद मात्र माझा म्हणूनच वाचला. आता चिठ्ठी मागायच्या आधी खुर्ची दाखवायची असं ठरलंय. मागच्या फेरीत चारपैकी तिघांना ती दाखवली गेली.

काम सोडून गेलेल्या मुलीला मी फोन करून माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. परत आली नाही.