पिवळा घ्या, पण हळदीचा नको

ताईंनो, आमच्या गटाने पहिल्या प्रदर्शनासाठी सुती स्टोल रंगवले ते हळदीत. हळद घरातली, रंग झटकन चढतो आणि दिसतोही सोन्यासारखा. स्टॉलच्या दर्शनी बाजूला टांगलेले स्टोल दुपारभर उन्हात राहिले. संध्याकाळी घड्या घालताना पाहिलं, तर उन्हाकडची बाजू फिकी पडलेली आणि आतली पिवळीधमक. विकल्या गेलेल्या मालाची तक्रार पुढे आली. धुण्याच्या साबणाने एकीचा स्टोल लालसर झाला होता. हळदीचा स्वभावच तो. क्षार लागला की ती लाल होते, आणि उन्हात टिकत नाही. त्यामुळे विकायच्या मालाला हळद मी आता लावत नाही.

पण पिवळा सोडला नाही, कारण लोक स्टॉलवर थांबतात ते त्याच्याकडे बघून. तो आता डाळिंबाच्या सालीतून काढतो. रसाच्या गाड्यावाल्याला आधी सांगून ठेवलं, तर तो साली देतो. त्या कडक वाळवून ठेवायच्या, ओलसर राहिल्या तर बुरशी येते.

एक किलो सुती कापडाचा हिशेब सांगते. कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या, नाहीतर खळीमुळे रंगाचे डाग पडतात. मग दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड काही तास बुडवा, पिळून सावलीत वाळवा. त्यानंतर दीडशे ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तसंच भिजवा. हिरडा कशाला, असं सगळ्या विचारतात. सुती धागा तुरटीला एकटीला नीट धरत नाही. हिरड्याचा तुरटपणा धाग्यात बसतो, तुरटी त्याला चिकटते आणि रंग तुरटीला. रात्रभर भिजवलेल्या अर्धा किलो साली तासभर उकळून गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवा आणि त्यातच गार होऊ द्या.

पाण्याकडे लक्ष असू द्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा मळकट येतो. वाटीभर पाण्यात चिमूटभर हिरडा टाका. पाणी काळपट झालं, तर ते पाणी पिवळ्यासाठी नको.

लोहाची हीच खोड मुद्दाम वापरली, की दुसरा रंग मिळतो. वीस ग्रॅम हिराकस, ते हिरवट खडे, वेगळ्या बादलीत विरघळवा. पिवळं झालेलं कापड त्यात हलवत पाच मिनिटं ठेवा की मेंदीसारखा काळपट हिरवा उतरतो. कमी वेळात हलका, जास्त वेळात गडद. गडद हवा म्हणून हिराकस वाढवत बसू नका, त्याने सुताची ताकद जाते आणि पिशवीचा बंद सगळ्यात आधी तुटतो. ही बादली पिवळ्याच्या भांड्याजवळही आणायची नाही. हात बदलताना एखादा थेंब उडाला तरी पिवळ्यावर काळा ठिपका पडतो.

आता कुठल्या वस्तूला कुठला? आमच्या टेबलावर बायका पिवळ्याचं कौतुक करतात आणि पिशवी मेंदी रंगाची घेतात. पिशवी रोज वापरायची, बसमध्ये मांडीवर, भाजीत, जमिनीवर. मेंदी रंगावर मळ दिसत नाही आणि तो कुठल्याही साडी-ड्रेसवर चालतो. पिवळा स्टोलला आणि लहान बटव्यांना ठेवा. मांडणीत मात्र पिवळे दोन-चार नग समोर हवेतच, नाहीतर सगळं टेबल उदास दिसतं. माल शिवताना मेंदी जास्त, पिवळा कमी.

छटा ओल्या कापडावर ठरवू नका, ओलं कापड नेहमी गडद दिसतं. वाळल्यावर, एकदा धुऊन, दिवसाच्या उजेडात बघा. आणि विकण्याआधी प्रत्येक नव्या रंगाची चिंधी घेऊन तीन गोष्टी करा. पांढऱ्या कापडाला शिवून तुमच्या नेहमीच्या पावडरमध्ये धुवा, पांढऱ्यावर रंग उतरतो का पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. अर्धी चिंधी पुठ्ठ्याखाली झाकून दोन आठवडे खिडकीत ठेवा. डाळिंबाचा रंगसुद्धा थोडा बदलेल, ते आधीच ठाऊक असलेलं बरं. गिऱ्हाईक विचारतं, "रंग जाईल का हो?" तेव्हा मी त्या चिंध्या पुढे ठेवते आणि सांगते, सौम्य साबण, सावलीत वाळवा.

त्याच चिंधीच्या पाठीला कापडाचं वजन, साली, तुरटी आणि हिराकशीतली मिनिटं लिहून टाचून ठेवा. एखाद्या दुकानाने तोच मेंदी रंग पुन्हा मागितला, की ही चिंधीच उपयोगी पडते.