शिकवणी संस्थेचे मुख्याध्यापकांना ई-पत्र

पिरंगुटमधील एका शिकवणी संस्थेला पौडच्या शाळेत दहावीसाठी करिअर मार्गदर्शन सत्र घ्यायचे आहे, असे समजा. तिचा पहिला मसुदा म्हणतो : ‘आमच्या सत्राने उज्ज्वल यश निश्चित!’ यावरून मुख्याध्यापकांना काहीच ठरवता येत नाही. शिवाय केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी संस्थांनी गुणांची हमी देऊ नये आणि सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेशही देऊ नये. आता सुधारित मसुदा पाहा.

विषय : इयत्ता दहावीसाठी मार्गदर्शन सत्रास अनुमती मिळण्याबाबत

महोदय,
दहावीनंतरच्या अकरावी, आयटीआय व पदविका या मार्गांची माहिती देणारे ४५ मिनिटांचे विनाशुल्क सत्र आपल्या शाळेत घेण्याची आमची इच्छा आहे. सत्रात आमच्या वर्गांची जाहिरात केली जाणार नाही. विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांकही घेतले जाणार नाहीत. सोयीचा दिवस व तासिका कळवावी, ही विनंती.

पहिले वाक्य प्रस्ताव मांडते, तर शेवटचे नेमके उत्तर मागते. मधली दोन वाक्ये मात्र सर्वांत महत्त्वाची आहेत. मार्गदर्शनाच्या निमित्ताने विद्यार्थी मिळवण्याचा हेतू असेल, ही मुख्याध्यापकांची रास्त शंका ती दूर करतात. म्हणूनच संस्था पाळणार नसेल, तर ती वाक्ये लिहू नयेत.