महेंद्र आणि स्त्रीदीर्घ : पैसे नेमके कशाचे द्यायचे?

मुलगी पुण्याची, मुलगा चेन्नईचा. आपल्याकडे छत्तीस गुणांपैकी सव्वीस जुळले म्हणून सगळे निश्चिंत असतात आणि तेवढ्यात तिकडून निरोप येतो, ‘महेंद्र पोरुत्तम नाही.’ आपल्या अष्टकूटात महेंद्र नाही आणि स्त्रीदीर्घही नाही, त्यामुळे दाते पंचांग चाळून काही सापडत नाही. मग ज्योतिषी शोधला जातो, आणि खर्च तिथून सुरू होतो.

तमिळ पद्धतीत पोरुत्तम दहा. त्यातल्या महेंद्र पोरुत्तमाचा दावा संततीचा: वंश वाढेल, मुलंबाळं होतील, काही ठिकाणी त्याला दीर्घायुष्यही जोडतात. स्त्रीदीर्घाचा दावा समृद्धीचा: घरात लक्ष्मी नांदेल, बायकोला दीर्घकाळ सौख्य लाभेल. हे दोन्ही पाहायला ग्रह लागत नाहीत, लग्नरास लागत नाही, पत्रिकाही लागत नाही. दोघांची जन्मनक्षत्रं माहीत असली की झालं. मुलीच्या नक्षत्रापासून मुलाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं. मुलीचं नक्षत्र एक धरायचं, अभिजित वगळायचं. आकडा ४, ७, १०, १३, १६, १९, २२ किंवा २५ आला तर महेंद्र आहे. स्त्रीदीर्घासाठी आकडा मोठा हवा. म्हणजे हे काम फुकटचं आहे. तमिळ पद्धतीचं गुणमेलन करणारी संकेतस्थळंही ते पैसे न घेता दाखवतात.

एक जोडी मोजून पाहू. मुलगी रोहिणी, मुलगा हस्त. रोहिणी एक, मृग दोन, आर्द्रा तीन, पुनर्वसू चार, पुष्य पाच, आश्लेषा सहा, मघा सात, पूर्वा आठ, उत्तरा नऊ, हस्त दहा. दहा म्हणजे महेंद्र आहे. कुणी चुकून मृगापासून मोजायला लागलं तर नऊ येतात आणि महेंद्र जातो. ‘नाही’ असा निरोप आला, तर आधी ही चूक तपासावी.

स्त्रीदीर्घाला मात्र दहाचा निकाल कोण देतं यावर सगळं अवलंबून आहे. आकडा तेरापेक्षा जास्त असेल तर उत्तम आणि सात ते तेरा मध्यम, हा एक पाठ. नऊच्या पुढे गेला की पुरे, हा दुसरा. सातच्या पुढे चालतो, असंही मानणारे आहेत. म्हणजे रोहिणी-हस्त या एकाच जोडीला एक ज्योतिषी ‘मध्यम’ म्हणेल आणि दुसरा ‘उत्तम’, आणि दोघंही आपापल्या ग्रंथाला धरूनच बोलत असतील. म्हणून दुसरं मत विकत घेण्याआधी पहिल्याला विचारा, तुम्ही मर्यादा कितीची धरता? या एका प्रश्नावर दुसऱ्या मताची दक्षिणा वाचते.

आता हीच जोडी उलटी करू. मुलगी हस्त, मुलगा रोहिणी. आकडा येतो १९. महेंद्र पुन्हा आहेच. हा योगायोग नव्हे: नक्षत्रं वेगळी असली की दोन्ही बाजूंच्या मोजणीची बेरीज नेहमी २९ येते, आणि महेंद्राचे आठही आकडे २९ मधून वजा केले तर त्याच यादीतले आकडे मिळतात. स्त्रीदीर्घ मात्र उलटवल्यावर तेराच्या पाठातही उत्तम झालं. म्हणजे महेंद्राला वर कोण आणि वधू कोण याने फरक पडत नाही, स्त्रीदीर्घाचा सगळा जीव त्यातच आहे.

पण रोहिणी-हस्त जोडीत खरी अडचण वेगळीच आहे. दोघांचा रज्जू एकच, कंठरज्जू, आणि समान रज्जू हा दोष दहातला सगळ्यात कडक मानतात. रज्जूची मांडणी दर नऊ नक्षत्रांनी तशीच फिरून येते. त्यामुळे आकडा १० किंवा १९ आला की रज्जू समान असणारच. महेंद्राच्या आठ शुभ आकड्यांपैकी दोन असे जन्मतःच रज्जूदोष घेऊन येतात! शिवाय ७, १६ आणि २५ हे आकडे दिन पोरुत्तमाच्या मोजणीत नापास होतात. उरतात ४, १३ आणि २२. ‘महेंद्र आहे, काळजी नको’ असं सांगून कुणी पैसे घेत असेल, तर बाकीच्यांचं काय, हे विचारायला हवं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. सत्तावीस आकड्यांपैकी महेंद्र फक्त आठांना लाभतो, एकोणीस त्याच्याबाहेर. म्हणजे दर दहा जोड्यांत सुमारे सात ‘महेंद्र नाही’वाल्या. तमिळनाडूत सुखाने संसार करणारी, मुलंबाळं असलेली बहुसंख्य जोडपी या सातांतलीच असणार. पुष्कळ तमिळ घरांत दिन, गण, योनी, राशी आणि रज्जू हे पाच अत्यावश्यक मानतात. महेंद्र आणि स्त्रीदीर्घ त्यांत नाहीत. राशी आणि राशीस्वामी जुळत असले तर स्त्रीदीर्घाकडे काणाडोळाही करतात. तेव्हा या दोघांपैकी एक नाही म्हणून स्थळ मोडायचं असेल, तर ते शास्त्रापेक्षा घरच्यांच्या मनात आहे, असं मी समजेन.

पैसे द्यावेत अशी एक जागा मात्र आहे: नक्षत्राची खात्री. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. जन्म दोन नक्षत्रांच्या सीमेवर असेल, तर तमिळ वाक्य पंचांग आणि तिरुकणित म्हणजे दृक् पंचांग यांत नक्षत्र वेगळं निघू शकतं. नक्षत्र एकाने सरकलं की आकडाही एकाने सरकतो, आणि महेंद्राचे आकडे तीन-तीनच्या अंतराने असल्याने ‘आहे’चं ‘नाही’ व्हायला तेवढं पुरतं. रुग्णालयाच्या कागदावरची जन्मवेळ शोधा आणि दोन्हीकडचे एकच पंचांग वापरताहेत का ते पाहा. सीमेवरचा जन्म नसेल तर या खर्चाचीही गरज नाही.

मिनिटावर पैसे घेणाऱ्या अॅपवर हा प्रश्न महाग पडतो. समजा दर मिनिटाला २० रुपये. अर्धा तास बोललात तर ६०० होतात, वर १८ टक्के जीएसटी धरून ७०८. आणि त्या अर्ध्या तासातला बराच वेळ जन्मतपशील सांगण्यात जातो. पूर्ण पत्रिका पाहणाऱ्याची ठरावीक दक्षिणा आधी विचारून घेतलेली बरी. त्यात पंचमस्थान आणि गुरू पाहणार का, हेही विचारा; ज्योतिषशास्त्राच्याच हिशेबाने संततीचा विचार तिथे होतो, महेंद्राच्या आकड्यात नव्हे.

परिहाराला मात्र तळ नसतो. संततीसाठी तंजावरजवळच्या तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षांबिकेकडे, नागदोषासाठी रामेश्वराला, अशी नावं पुढे येतात. श्रद्धेने जायचं तर जरूर जा, पण पूजेचे पैसे देवस्थानाच्या खिडकीवर पावती घेऊन भरा, मध्यस्थाच्या हातात नको. स्त्रीचं वंध्यत्व मंत्र-ताईताने बरं होतं अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे देऊन फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. चॅट आणि पैसे भरल्याचा पुरावा जपून ठेवा.

संततीचीच काळजी असेल तर थॅलेसेमियाची रक्ततपासणी एका परिहारपूजेच्या प्रवासखर्चाहून स्वस्त पडते. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी दोघांनी ही तपासणी करावी. एकच वाहक निघाला तर थॅलेसेमियापुरती धास्ती नाही.