अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम : हाती लिहिलेल्या बिलाचा ताळा कसा घ्यावा

अहेरी, आलापल्ली भागातील सागवानाचे काम करणारे कारागीर आजही बहुतेक बिले हातानेच लिहितात. बिलाखाली रक्कम दोनदा येते, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत. या दोन्ही जुळल्या नाहीत की गिऱ्हाईक पैसे अडवून धरते आणि कारागिराची मजुरी लटकते. म्हणून बिल देणाऱ्याने व घेणाऱ्याने, दोघांनीही अक्षरी रकमेचे आकडे करून पाहण्याची रीत नीट समजून घ्यावी.

एक नमुना घेऊ. समजा, अहेरीच्या एका सुताराने चंद्रपूरच्या लॉजमालकाला माल दिला. बिलात असे लिहिले आहे :

पलंग २ नग, दर ८,२५० : १६,५००
दार ३ नग, दर ४,६७५ : १४,०२५
खिडकी ६ नग, दर १,४५० : ८,७००
एकूण रुपये ३९,२५२
अक्षरी रुपये एकोणचाळीस हजार दोनशे पंचवीस फक्त

लॉजच्या मुनिमाने अक्षरी रक्कम ४९,२२५ अशी वाचली. बिलातील आकड्यांशी तब्बल ९,९७३ रुपयांचा फरक दिसला आणि त्याने बिल बाजूला ठेवले. वास्तविक फरक एवढा नाहीच. तो कसा, ते पाहू.

प्रथम अक्षरी रकमेचे तुकडे पाडावेत. लाख, हजार, शे आणि उरलेली रक्कम असे चार खण कागदावर आखावेत. लाखाला दोन घरे, हजाराला दोन, शेकड्याला एक आणि शेवटच्या खणाला दोन घरे द्यावीत. अक्षरांत शून्य कधी लिहिले जात नाही, म्हणून जो खण बोललेला नाही त्यात शून्ये आपण भरायची. ‘दोन लाख पाच हजार सात’ ही रक्कम २,०५,००७ होते. घरे आखली नाहीत तर घाईत २,०५,७०० लिहिले जाते, आणि ती चूक चटकन डोळ्यांना दिसत नाही.

आता प्रत्येक खणातील शब्द वाचावा. मराठीत शंभराच्या आतल्या बहुतेक शब्दांचे शेपूट दशक सांगते आणि डोके एकक सांगते. ‘सत्तावन्न’ मध्ये ‘वन्न’ म्हणजे पन्नाशी आणि ‘सत्ता’ म्हणजे सात. ‘त्र्याहत्तर’ मध्ये ‘हत्तर’ म्हणजे सत्तरी आणि ‘त्र्या’ म्हणजे तीन. म्हणजे आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी येते. आकडे उलटे पडतात ते इथेच. सिरोंचाकडील तेलुगू बोलणाऱ्या माणसाला तर जास्त जपावे लागते, कारण तेलुगूत वीस आधी आणि एक नंतर असा सरळ क्रम आहे.

‘एकोण’ हे डोके मात्र निराळे आहे. त्याचा अर्थ एक उणा. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी, अर्थात ३९. शेपूट चाळिसाचे असले तरी दशक तिसाचे लिहायचे. आपल्या मुनिमाने ‘चाळीस’ पाहिले, ‘एकोण’ म्हणजे नऊ धरले आणि ४९ करून टाकले. हाच धोका एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत आहे. नव्व्याण्णवला ‘एकोण’ लागत नाही, तो सरळ वाचावा. हस्ताक्षर वाईट असेल तर ‘सात’ आणि ‘साठ’ हे शब्दही पुन्हा पाहावेत. हजारापूर्वी ‘त’ आहे की ‘ठ’, यावर त्रेपन्न हजारांचा फरक पडतो.

कच्च्या चिठ्ठीवर पुष्कळदा बोलीतली रक्कम असते. तिथे पाव, अर्धा हा हिस्सा पुढे येणाऱ्या मापाचा धरावा. सव्वातीनशे म्हणजे ३२५, पण सव्वातीन हजार म्हणजे ३,२५०. साडेबारा हजार म्हणजे १२,५००. ‘पावणे’ मध्ये पाव वजा होतो, म्हणून पावणेतीन हजार म्हणजे २,७५०. दीड आणि अडीच यांना जोडीला दुसरा अंक लागत नाही, दीडशे १५० आणि अडीच हजार २,५००. पक्क्या बिलावर मात्र असे शब्द लिहू नयेत, पूर्ण शब्दांतच रक्कम लिहावी.

आता आपल्या बिलाकडे वळू. हजारात ३९, शेकड्यात २, उरलेले २५. अक्षरी रक्कम झाली ३९,२२५. आकड्यांत आहे ३९,२५२. फरक फक्त २७ रुपयांचा.

या फरकाला ९ ने भागून पाहावे. २७ ला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. शून्य जास्त किंवा कमी पडले तरी तसेच होते, उदाहरणार्थ १,७५० च्या जागी १७,५०० लिहिले तर फरक १५,७५० येतो. म्हणून भाग गेला तर बहुधा अंकांची अदलाबदल किंवा शून्याची चूक आहे असे समजून तिथे शोधावे. इथे २५ चे ५२ झालेले दिसतातच. भाग गेला नाही तर एखादा शब्द चुकीचा वाचला असेल किंवा अंकच दुसरा पडला असेल. मुनिमाच्या ९,९७३ ला भाग जात नाही, तेव्हा त्याने शब्द पुन्हा वाचायला हवे होते. काही जण नवाच्या ताळ्याने बेरीज तपासतात. पण ३९,२२५ आणि ३९,२५२ या दोन्हींच्या अंकांची बेरीज २१ च येते. उलटे पडलेले अंक त्या ताळ्याला पकडता येत नाहीत.

फरक कळला, पण खरी रक्कम कोणती? पुष्कळ जण म्हणतात, अक्षरी तीच खरी. कायद्यात असा नियम आहे, पण तो १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ मध्ये, म्हणजे धनादेश, वचनचिठ्ठी आणि हुंडी यांच्यासाठी. दुकानाचे बिल या कागदांत मोडत नाही. आणि धनादेशाच्या बाबतीतही अक्षर व आकडे जुळले नाहीत तर बँका तो परत करतात, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून बिलाचा निकाल बिलातल्या ओळींनीच लावावा. नगाला दराने गुणून पाहिले तर तिन्ही ओळी बरोबर आहेत. बेरीज १६,५०० अधिक १४,०२५ म्हणजे ३०,५२५, त्यात ८,७०० मिळवले की ३९,२२५. अक्षरी रक्कम बरोबर, आकडी चुकीची.

चूक सापडली तरी घेणाऱ्याने स्वतः पेन फिरवू नये. बिल देणाऱ्यानेच चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारी नवा आकडा लिहून सही करावी, आणि दुसऱ्या प्रतीवरही तसेच करावे. शक्य असेल तर नवे बिल घेणे उत्तम. धनादेशावर मात्र रकमेत दुरुस्ती करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०१० पासून प्रतिमेवरून वटणाऱ्या धनादेशात तशी दुरुस्ती चालत नाही, तिथे नवा धनादेशच लिहावा.

या बिलात २७ रुपयांचा प्रश्न होता. हीच अदलाबदल हजाराच्या घरात झाली असती, ३९ चे ९३ पडले असते, तर फरक ५४,००० रुपयांचा झाला असता. खण आखून रक्कम मांडायला आणि ओळींची बेरीज करायला पाच मिनिटे पुरतात. तेव्हा सही करण्यापूर्वी कारागिराने, आणि पैसे मोजण्यापूर्वी व्यापाऱ्याने, एवढे पाहून घ्यावे.